रविवारी गोल्फच्या नऊ होलला पावणेतीन तास! चूक नक्की कुणाची?

टीवर_उभा
मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. काल रविवार, आमचा फोरबॉल 7:10 ला सुटला, नऊ होल संपवून बाहेर पडलो तेव्हा दहाला पाच मिनिटं कमी होती. म्हणजे पावणेतीन तास. फक्त नऊ होल! घरी सांगितलेलं साडेनऊला मिसळ घेऊन येतो, मिसळ पण गेली आणि वर बोलणी पण खाल्ली.

चौथ्या होलवर मी मुद्दाम घड्याळ लावलं. साधा पार चार आहे, एकोणीस मिनिटं लागली. त्यातली सहा मिनिटं आमच्यातल्या एकाचा बॉल शोधण्यात गेली, ग्रीनवर सात मिनिटं, आणि बॅगा सगळ्यांनी ग्रीनच्या पुढच्या बाजूला टाकलेल्या, पाचव्याची टी मागच्या बाजूला, मग परत फिरून बॅगा आणायला दीड मिनिट. त्यानंतर पाचव्याला, म्हणजे आपल्या त्या पार थ्रीला, पोचलो तर एक गट ग्रीनवर आणि एक टीवर ताटकळत. चौदा मिनिटं बसलो नुसते.

वरनं सातव्याला माझा बॉल बंकरमध्ये कुणाच्यातरी बुटाच्या खड्ड्यात. रेक दोन हातावर पडलेला. पुढच्या गटाला नंतर विचारलं तर म्हणे "मागनं तुम्ही उभे होता, घाई केली." म्हणजे हळू खेळणार तुम्ही आणि रेक मारायची वेळ आली की घाई आमच्यामुळे? तर सांगा, लोकांना शिस्त नाही हेच कारण ना?

मिसळ_आणि_मलिगन
साडेनऊची मिसळ दहाला खाल्ली तर कट जास्त मुरलेला असतोय भावा. नुकसान काय झालं?

सुभेदार_निवृत्त
शिस्त नाही हेच कारण. आमच्या वेळी ज्येष्ठ अधिकारी टीवर उभे असायचे, कुणी तीन प्रॅक्टिस स्विंग घेतले तर नुसतं बघायचे, चौथा घेतला जायचा नाही. आजकाल टीव्हीवर बघून प्रत्येकजण पटच्या मागे बसून लाईन बघतोय, मग पुढून, मग बाजूनं. पट दोन फुटाचा आणि तोही चुकणार आहेच.

काळा_कोट
नियमात स्पष्ट आहे. प्रत्येक शॉटला 40 सेकंद. त्यावर गेला की दोन स्ट्रोक पेनल्टी. आपल्याकडे कुणी लावत नाही हा भाग वेगळा. आणि बॉल शोधायला पाच मिनिटं मिळतात, सहा घेतली तर तो बॉल हरवलेला धरायचा.

टीवर_उभा
@काळा_कोट पाच नाही साहेब, तीन झालीत 2019 पासून.

हरळी_मास्तर
वकीलसाहेब अर्धं बरोबर बोलताय. 40 सेकंद नियमात आहेत पण ती शिफारस आहे, की शक्यतो तेवढ्यात मारा, आणि बहुतेक वेळा त्याआधीच. नुसते 40 ओलांडले म्हणून आपोआप पेनल्टी बसत नाही, कमिटीनं स्वतःचं वेळेचं धोरण लिहून लावलं असेल तर बसते. उगाच खेळ अडवून धरला तर मात्र पहिल्या वेळी एक स्ट्रोक, दुसऱ्या वेळी दोन, मॅचप्लेमध्ये होलच गेला, आणि तिसऱ्या वेळी बाहेर. तीन मिनिटं पण तुम्ही किंवा तुमचा कॅडी शोधायला लागला तिथनं मोजायची, चालत तिथंवर जायचा वेळ त्यात नाही.

माझं थोडं सांगतो. मी आधी कॅडी होतो, मग बरीच वर्षं कोर्सच्या गवतावर काम केलं, आता गुडघा बोलतोय म्हणून कमी. टीवर_उभा दादांनी आकडे लिहिलेत ते लय कामाचे आहेत, पण त्याचं उत्तर त्यांना वाटतंय ते नाही. रात्री निवांत लिहितो, आत्ता पाणी सोडायचंय.

नवशिकी_ताई
मी तीन महिन्यापूर्वी सुरू केलो. एक विचारायचं होतं, रागावू नका. मला सगळे सांगतात घाई करू नको, स्विंग हळू ठेव, टेम्पो बिघडतो. आणि इथं सगळे म्हणताय लवकर लवकर. मग नक्की काय करायचं? मी तर मागं कुणी दिसलं की हात थरथरायला लागतात आणि बॉलच लागत नाही, मग अजून वेळ.

पुणेरी_पाहुणा
ताई की दादा? 'सुरू केलो' वाचून गोंधळलो.

मिसळ_आणि_मलिगन
पाहुणं, कोल्हापुरात बायका पण "मी आलो, मी गेलो"च म्हणतात. चहा घ्या आणि पुढं वाचा.

पेठेतला_फॉरवर्ड
नव्वद मिनिटात मॅच संपवा, शिट्टी मारा, घरी जा. आम्ही बघा कसं. तुमचं ते पावणेतीन तास चालणं आणि शेवटी मिसळीवर भांडण. 😂

टीवर_उभा
ताई, स्विंगची घाई कुणीच सांगत नाही. तुमचा स्विंग दोन सेकंदाचा पण नाही, त्यात कितीही घाई करा, काय वाचणार? वेळ जातो तो दोन शॉटच्या मध्ये. हिशोब बघा. नऊ होलला आपल्यासारखा माणूस पन्नास शॉट मारतो, चौघांचे दोनशे. प्रत्येक शॉटमागे दहाच सेकंद वाचवली, म्हणजे दुसरा मारत असताना आपला क्लब काढून ठेवला, ग्लोव्ह घातला, अंतर बघून ठेवलं, तर दोन हजार सेकंद होतात. तेहतीस मिनिटं! आणि स्विंगला हात सुद्धा लावलेला नाही.

रेडी गोल्फ म्हणतात ते हेच. ज्याची तयारी झाली आणि पुढं धोका नाही त्यानं मारायचं, लांबचा कोण जवळचा कोण हे मोजत बसायचं नाही. स्ट्रोकप्लेमध्ये नियमच त्याला उत्तेजन देतो.

काळा_कोट
पण मॅचप्लेमध्ये नाही हं! हे मी अनुभवानं सांगतो. क्लबच्या नॉकआउटमध्ये समोरचा माझ्यापेक्षा लांब होता, रेंगाळत होता, मी म्हटलं रेडी गोल्फ आणि चिप मारली, होलपासून दीड फूट. तो शांतपणे म्हणाला, "तुमची पाळी नव्हती, परत मारा." पेनल्टी काही नाही, पण तो शॉट रद्द करायचा त्याला हक्क आहे. परत मारली ती बंकरात. होल गेला, मॅच पण गेली. आणि पहिलीच चिप बंकरात गेली असती तर त्यानं काही म्हटलं नसतं.

सुभेदार_निवृत्त
तुम्ही आधी विचारायला पाहिजे होतं. दोघांनी वेळ वाचवायचं ठरवलं तर पाळी सोडून मारता येतं, मग रद्द करता येत नाही.

काळा_कोट
आता कळलं. तेव्हा कुणी सांगितलं नाही. म्हणून सांगतोय.

पुणेरी_पाहुणा
आमच्याकडे पण हेच. माझं मत, पावणेतीन तासातला अर्धा तास दोन फुटी पट 'मार्क' करून उचलण्यात जातो. आता झेंडा काढायची पण गरज नाही, 2019 पासून तो होलमध्ये ठेवून पट मारता येतो. तरी एकजण झेंडा धरून पुतळ्यासारखा उभा, दुसरा म्हणतो काढा, तिसरा म्हणतो राहू द्या. आधीच ठरवा ना.

हरळी_मास्तर
आता बसलो निवांत.

दादा, तुम्ही म्हणताय शिस्त नाही. मान्य, थोडी नाही. पण तुमचीच चौदा मिनिटं घ्या. रविवारी सकाळी आपल्याकडे दर सात मिनिटांनी एक गट सोडतात. सगळ्यांना साडेसहा ते साडेआठ मध्येच खेळायचंय, ऊन चढायच्या आत. आता पाचवा होल बघा. पार थ्री. पार चारवर दोन गट एकावेळी असू शकतात, पुढचे दुसऱ्या शॉटच्या पलीकडं गेले की मागचे टी मारतात. पार थ्रीवर तसं होत नाही, ग्रीन रिकामी होईपर्यंत टी बंद. चौघांचे टी शॉट तीन मिनिटं, चालत जायला दोन, आणि आपल्या लोकांपैकी दोघे तरी बंकरात किंवा बाजूला असणार म्हणून चिप, रेक, पट मिळून पाच. दहा मिनिटं. म्हणजे सात मिनिटांनी गिऱ्हाईक येतंय आणि दुकानात एकाला दहा मिनिटं लागतायत.

पहिला गट थांबत नाही. दुसरा तीन मिनिटं थांबतो. तिसरा सहा. तुमचा गट कितवा होता?

टीवर_उभा
सहावा बहुतेक. आमच्या आधी पाच सुटलेले.

हरळी_मास्तर
मग पाच गुणिले तीन, पंधरा. तुम्ही चौदा लिहिलंय. यात कुणी आळशी नव्हता दादा. सगळे पुढचे लोक शहाण्यासारखे खेळले असते तरी तुम्ही चौदा मिनिटं बसलाच असता.

सुभेदार_निवृत्त
हे कधी लक्षात आलं नव्हतं. मी वीस वर्षं पुढच्या गटाला शिव्या घालतोय.

मिसळ_आणि_मलिगन
घालत राहा सुभेदार साहेब, सवय मोडू नका. 🙏

काळा_कोट
मग दहा मिनिटांनी सोडा. सोपंय.

हरळी_मास्तर
सोपं नाही. दोन तासात सात मिनिटांनी सतराएक गट बसतात, दहा मिनिटांनी बारा-तेरा. उरलेल्या चार गटांना, म्हणजे सोळा सभासदांना, रविवारी नाही म्हणून कोण सांगणार? कमिटीवाला पण माणूस आहे, त्याला परत निवडून यायचंय.

मधला मार्ग आहे. पार थ्रीला पुढच्या गटानं ग्रीनजवळ पोचल्यावर बॉल मार्क करून बाजूला उभं राहायचं आणि मागच्यांना हात करून टी मारायला सांगायचं. ते चालत येईपर्यंत पुढच्यांचे पट होतात. मी मोजून बघितलंय, दहाचं आठवर येतं. शून्यावर नाही येत. पण सहाव्या गटाला पंधराच्या जागी पाच मिनिटं थांबावं लागतं.

सुभेदार_निवृत्त
आणि बाजूला उभ्या माणसाच्या डोक्यात बॉल बसला तर? आपले लोक पार थ्रीला ग्रीन सोडून सगळीकडं मारतात. मी तरी हात करणार नाही. एकदा कानाजवळून गेलेला आहे, 'फोर' ओरडायचं सुद्धा त्या इसमाला सुचलं नाही, "अरे!" म्हणाला.

हरळी_मास्तर
तुमचं बरोबर आहे साहेब. उभं राहायला झाडामागं जागा असेल, सगळे टीकडं बघत असतील, तरच. आपल्या पाचव्याला उजवीकडं जागा आहे, डावीकडं नाही. यावर माझं पण मन पक्कं नाही.

टीवर_उभा
बरं ते सोडा, मग बंकरचं काय? तिथं तरी लोकांची चूक म्हणाल का नाही?

हरळी_मास्तर
तिथं शंभर टक्के. आणि "मागचे थांबले म्हणून रेक नाही मारला" हे मला अजिबात पटत नाही, कारण रेकला वेळ लागतच नाही, जर क्रम बरोबर असेल तर. होतं काय, बंकरातला माणूस मारतो, बॉल ग्रीनवर जातो, आणि तो बॉलच्या मागं पळतो, कारण अजून तोच लांब आहे आणि बाकीचे तिघं त्याच्यासाठी थांबलेत. तिथंच रेडी गोल्फ वापरायचं. तो रेक मारतोय तोवर दुसऱ्यानं पट मारावा. त्याचं आवरेपर्यंत त्याची पाळी येते, एक सेकंद वाया जात नाही.

आणि जाताना रेक हातात घेऊनच आत जा, शॉटच्या आधी. बाहेर ठेवून आत गेला की परत आणायला तीच वाळू दोनदा तुडवता. उतरायचं बंकरच्या सखल बाजूनं, उंच कडेवरून उडी मारली की कडा ढासळते आणि ती रेकनं भरत नाही, आम्हाला फावडं आणावं लागतं. मारून झालं की मागं मागं सरकत पायाचे ठसे पुसत यायचं, नुसतं आपल्याकडं ओढायचं नाही, थोडं पुढं ढकलायचं पण. नुसतं ओढलं की वाळू सगळी कडेला येते आणि मध्ये खळगा राहतो.

तालमीत कसं असतंय बघा. हौद्यात कुस्ती झाली की पोरं फावड्यानं माती उकरून सारखी करतात, मग पुढची जोडी उतरते. वस्तादाला सांगायला लागत नाही. "मागचे थांबले" असं कुणी म्हटलं तर वस्ताद काय करील ते लिहीत नाही.

पेठेतला_फॉरवर्ड
हां, हे कळलं मला. तालमीत मी पण माती ओढलेली आहे. पण खेळायच्या *आधी* वाळू सारखी केली तर चालतं का? मी खेळलो तर ठसा आधीच पुसून टाकीन. 😀

काळा_कोट
चालत नाही! बॉल आत असताना वाळूला हात लावला की दोन स्ट्रोक.

हरळी_मास्तर
परत अर्धं. आत असताना बंकरची काळजी म्हणून दुसरीकडची वाळू सारखी करायला बंदी नाही. पण स्वतःच्या बॉलची जागा, उभं राहायची जागा, मारायची लाईन सुधारली की दोन स्ट्रोक बसणार. वाळू किती घट्ट आहे ते हातानं चाचपून बघितलं, प्रॅक्टिस स्विंगमध्ये क्लब वाळूला लावला, किंवा बॉलच्या पुढं-मागं क्लब टेकवला तरी दोन. ठशात बॉल गेला तर तसाच मारायचा, सूट नाही. टीवर_उभा दादांचा जीव त्याचमुळं जळतोय.

टीवर_उभा
तीन लागले बाहेर काढायला. तीन!!

पुणेरी_पाहुणा
रेक आत ठेवायचा की बाहेर? आमच्याकडे यावरून दोन पक्ष आहेत.

सुभेदार_निवृत्त
बाहेर.

काळा_कोट
आत. बाहेर ठेवला की बॉल त्याला अडून उतारावर थांबतो.

हरळी_मास्तर
आत ठेवला की बॉल त्याला अडून अशा कोपऱ्यात थांबतो की स्टान्सच घेता येत नाही. मी बाहेर ठेवतो, खेळाच्या दिशेला समांतर. पण गवत कापायला येणारा पोरगा म्हणतो आत ठेवा, मला उतरून उचलायला लागतो. यात न्याय नाही.

नवशिकी_ताई
मास्तर काका, डिव्हॉटचं सांगा ना. माझ्याकडून लय निघतात. मी तुकडा शोधून परत बसवतो, पायानं दाबतो, पण पुढच्या आठवड्यात तो वाळलेलाच दिसतो. माझं काय चुकतंय?

हरळी_मास्तर
ताई, तुमचं चुकत नाही, ती टीव्हीची चूक आहे. थंड देशातल्या काही गवताचा तुकडा परत बसवला की मूळ धरतो. आपल्या फेअरवेवर काय आहे? हरळी. बर्म्युडा ग्रास म्हणतात ती, पूजेला दूर्वा आणता तीच जात. शेतकरी तिला शिव्या देतो कारण ती वरनं धावते, कांड्याकांड्याला मूळ सोडते. पण सुटलेला पातळ तुकडा बहुतेक वेळा जगत नाही, उन्हात चार दिवसात कागद होतो. भोक भरून निघतं ते बाजूच्या हरळीच्या धावण्यानं. तिला फक्त वाट सपाट द्यायची. म्हणून वाळू.

बाटलीत वाळू घेऊन चला, खड्ड्यात ओता, बुटानं सपाट करा. ढीग करू नका, जमिनीच्या बरोबर किंवा केसभर खाली. ढीग राहिला की मशीनचं पातं वाळूवर घासतं आणि बोथट होतं, मग ते गवत कापत नाही, फाडतं, टोकं पांढरी दिसायला लागतात. पावसाळ्यात भोक बघता बघता बुजतं, थंडीत तीच हरळी रुसून बसते. खाली चांगली जाड माती धरून अख्खी पोळीच्या पोळी निघाली असेल तर बसवून बघा, नाहीतर वाळू.

ग्रीनवर मात्र वेगळं. बॉल पडून खड्डा होतो तिथं काटा कडेनं घालून कडा मध्याकडं आणायची, आणि पटरनं थोपटायचं. मधनं वर उचकटायचं नाही, मुळं तुटतात आणि तिथं टक्कल पडतं. लगेच बुजवला तर काही दिवसात दिसत पण नाही, तसाच सोडला तर आठवडे जातात. जूनच्या पावसात ग्रीन मऊ असतं तेव्हा माझा जीव नुसता खालवर होतो.

मिसळ_आणि_मलिगन
काटा म्हणजे जेवायचा का?

हरळी_मास्तर
तुझ्याकडं तोच असणार.

नवशिकी_ताई
धन्यवाद काका. 🙏 आणि मागचा गट येऊन उभा राहिला तर? हात थरथरतात त्याचं काय?

सुभेदार_निवृत्त
पुढचा अख्खा होल रिकामा दिसत असेल आणि मागे माणसं असतील तर बाजूला व्हा, हात करा, जाऊ द्या. त्यात कमीपणा नाही. पण पुढे पण गर्दी असेल तर मागचे तुमच्यामुळे थांबलेले नाहीत, खुशाल खेळा. मागच्या गटाकडे बघायचं नाही, पुढच्या गटापासून तुटलो का ते बघायचं.

आणि स्टेबलफोर्ड खेळत असाल तर पॉइंट मिळायचा संपला की बॉल उचला. माझ्या मित्राला हे सांगून दमलो, अकरावा शॉट पण तो पूर्ण रुटीननं मारतो.

टीवर_उभा
(पुढच्या सोमवारी)

मंडळी, अहवाल. काल आम्ही सगळं केलं. बॅगा पुढच्या टीच्या बाजूला ठेवल्या. बॉल हरवल्याचा संशय आला की लगेच दुसरा बॉल, तोंडानं स्पष्ट 'प्रोव्हिजनल' म्हणून, आणि फोनवर तीन मिनिटं लावून शोध बंद. झेंडा आत. चौथा होल चौदा मिनिटात, एकोणीसवरून!

छाती फुगवून पाचव्याला पोचलो. परत एक गट ग्रीनवर, एक टीवर. परत आम्ही सहावे. आम्ही चौथा पाच मिनिटं लवकर उरकला आणि पाचव्याच्या टीवर पाच मिनिटं जास्त बसलो. एकोणीस मिनिटं. पुढच्या गटाला ओरडून हात करायला सांगितलं तर त्यातल्या एकानं आम्हालाच हात हलवून नमस्कार केला.

मिसळ_आणि_मलिगन
😂😂😂

पुणेरी_पाहुणा
मग एकूण किती?

टीवर_उभा
दोन तास एकतीस मिनिटं. पाचव्याच्या पुढं वाचलं ते वाचलं. कमिटीतल्या एकांना मास्तरांचा सात-दहाचा हिशोब दाखवला, ते म्हणाले "बघू". पावसाळ्यानंतर बघू.

हरळी_मास्तर
बघू म्हणजे बघत नाहीत. पण एकोणीस मिनिटं टीवर नुसते बसला?

टीवर_उभा
नाही, ते राहिलंच लिहायचं. पाचव्याच्या टीवर चाळण झालीय, सगळे आयर्ननं मारतात ना. ताईंच्या बाटलीतली वाळू घेऊन चौघांनी भरत बसलो. सव्वीस भरले. ढीग एकाचा पण केला नाही, सपाट. सत्ताविसाव्याला आमची पाळी आली.

हरळी_मास्तर
वाळू शेडच्या मागं आहे, निळ्या पिंपात. झाकण परत लावा, मांजर जातंय.